एकच जग, पण पेले वेगळे

पत्र

आम्ही विदर्भात राहतो. घरात सासूबाई, ७१ वर्षांचे सासरे, नवरा, मी आणि अडीच वर्षांचा मुलगा. मार्च संपला की सासूबाई रोज सगळ्यांसाठी थंडावा करतात. सकाळी वाळ्याच्या तयार सिरपमध्ये सब्जा, दुपारी आगळाचं कोकम सरबत, चारला बेलाचं सरबत आणि दिवसभर माठात वाळा. सासऱ्यांना मधुमेह आणि बीपी आहे, टेल्मिसार्टन चालू आहे. या वेळी त्यांचं क्रिएटिनिन १.७ आलं, उपाशीपोटीची साखर वाढली आणि संध्याकाळी घोटे सुजतात. डॉक्टर म्हणाले, "सरबतं बंद." सासूबाई म्हणतात, "मी साखर घालत नाही, गूळ घालते. मीठही सैंधव. झाडपाल्याच्या थंड वस्तूंनी कुणाचं वाईट होतं का?" सासरे पाणी मागून पीत नाहीत, सरबत मात्र आवडीने पितात. ४५ अंशांत ते बंद करायची भीती वाटते. त्यातच मला पित्ताचा त्रास आहे, आणि पित्तावर म्हणून कोकम घेतलं की उलट छातीत जळजळ वाढते. नेमकं कुणाचं ऐकू?

उत्तर

ताई,

डॉक्टर आणि सासूबाई यांच्यातून एकाला निवडायचं, असं तुम्ही धरून चालला आहात. मला ते दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताना दिसतात. सासूबाई वाळा, कोकम, बेल आणि सब्जा यांच्याबद्दल बोलतायत. डॉक्टरांना काळजी आहे ती त्यांच्यासोबत पेल्यात उतरणाऱ्या मीठ, साखर आणि पोटॅशियमची. तेवढं वेगळं काढता आलं तर बरंचसं भांडण मिटतं, आणि सासऱ्यांचा पेलाही रिकामा राहत नाही.

आधी "थंड" या शब्दाकडे बघू. उन्हात शरीर थंड होतं ते घाम वाळताना, आणि घामाला लागतं पाणी. पेल्यातल्या पाण्याइतकं हे काम दुसरं काहीच करत नाही. मग वाळ्याचा उपयोग काय? वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते. शरीराला पाणी हवं असतं, पण माणसाला ते कळत नाही. सासरे पाणी मागत नाहीत त्यामागे हट्टापेक्षा हे कारण जास्त असावं. अशा माणसाने वाळ्याच्या वासाने दोन पेले जास्त पाणी प्यायलं तर तो फायदा खराच आहे. म्हणून सरसकट सगळं बंद करणं तुम्हाला जड वाटतंय ते बरोबर आहे.

आता दुपारचं सरबत. कोकम आपल्याकडे तीन रूपांत येतं आणि तिन्हींना आपण नुसतं "कोकम" म्हणतो, गोंधळ तिथूनच सुरू होतो. आमसूल म्हणजे रातांब्याची वाळवलेली साल. अमृत कोकम म्हणजे साखरेत मुरवलेला पाक. आणि आगळ म्हणजे मिठात टिकवलेला रस. आगळाच्या बाटलीत साखर नसते, त्यामुळे मधुमेह असलेल्या घरात ते बिनधास्त वापरलं जातं. पण ते वर्षभर टिकतं ते मिठाच्या जोरावर. प्रत्येक बाटलीतलं प्रमाण वेगळं असतं, म्हणून लेबलवरचा सोडियमचा आकडा वाचा आणि त्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ किती ते कळतं. समजा १०० मिलीत ४००० मिलीग्रॅम सोडियम लिहिलंय. एका पेल्याला दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिली आगळ घातलं, तर १२०० मिलीग्रॅम सोडियम गेलं. म्हणजे ३ ग्रॅम मीठ. वर चवीला पाव चहाचा चमचा सैंधव टाकलं की आणखी सव्वा ते दीड ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितली आहे. इथे ती एका पेल्यातच जवळपास संपली. वरण, भाजी, लोणचं, पापड अजून बाकीच आहेत. घरगुती आगळाला लेबल नसतं. तिथे करताना किलोभर फळांना किती मीठ घातलं होतं ते विचारा, उत्तर ऐकून बहुतेक दचकाल.

सैंधवाबद्दल सासूबाईंचा समज फार घरांत आहे. रंग आणि चव थोडी वेगळी असली तरी सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. बीपीच्या आणि सुजेच्या हिशोबात त्याला साध्या मिठासारखंच मोजायचं. पादेलोणाचंही तेच. याउलट "कमी सोडियमचं मीठ" म्हणून जे पाकीट मिळतं, ते तुमच्या घरात जास्त धोक्याचं आहे, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. सासऱ्यांसाठी पोटॅशियम का सांभाळायचं ते बेलापाशी येतंच.

घोटे सुजण्याला खारट सरबत हातभार लावत असेल, पण सगळं खापर त्याच्यावर फोडू नका. मूत्रपिंड किंवा हृदय मंदावलं तरी सूज येते. अ‍ॅम्लोडिपिनसारख्या बीपीच्या काही गोळ्यांनीही घोटे सुजतात. टेल्मिसार्टनसोबत दुसरी गोळी चालू आहे का ते बघा आणि ती चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून गोळी मात्र थांबवू नका.

सकाळच्या पेल्यात अडचण साखरेची आहे. तयार सिरपमध्ये, मग ते वाळ्याचं असो की अमृत कोकम, साधारण दोनतृतीयांश वजन साखरेचं असतं. असं ३० मिली सिरप तोललं तर जवळपास ४० ग्रॅम भरतं आणि त्यात २५ ग्रॅमच्या आसपास साखर येते, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. चहात एवढी साखर सासूबाई त्यांना कधीच देणार नाहीत. पण थंड पेयात गोडवा जिभेला कमी जाणवतो आणि हिरवा रंग औषधी वाटतो, म्हणून ती नजरेतून सुटते. बहुतेक तयार सिरपांत तो हिरवा रंग वरून घातलेला असतो. वाळ्याच्या मुळांनी पाण्याला असा रंग येत नाही. गुळाचं सांगायचं तर चव आणि थोडे क्षार सोडले तर तो साखरच आहे, आणि रक्तातली साखर तोही तसाच वाढवतो.

बेलाकडे थोडं जास्त लक्ष द्या, कारण तो कुणाच्या संशयाच्या यादीत नसतो. पिकलेला बेल मुळातच गोड आणि दाट असतो. १०० ग्रॅम गरात ३० ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात आणि पोटॅशियम ६०० मिलीग्रॅमच्या घरात. एका पेल्यात ७५ ग्रॅम गर गेला आणि वर दोन चमचे गूळ पडला, तर पोळ्यांची बेरीज न करताही तीसपेक्षा जास्त ग्रॅम कर्बोदकं आणि साधारण ४५० मिलीग्रॅम पोटॅशियम पोटात गेलं. निरोगी मूत्रपिंड जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे काढून टाकतं. क्रिएटिनिन १.७ असताना ते काम मंदावलेलं असू शकतं. त्यात टेल्मिसार्टन आणि त्याच्या भावंडांचा स्वभाव पोटॅशियम शरीरात धरून ठेवण्याचा आहे. रक्तात ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि बरेचदा त्याआधी काहीही जाणवत नाही. म्हणून चारांपैकी एक पेय आजच थांबवायचं असेल तर सासऱ्यांपुरतं बेलाचं थांबवा. त्याच्या जागी शहाळं आणू नका, त्यातही पोटॅशियम भरपूर असतं. पुढच्या तपासणीत क्रिएटिनिनबरोबर पोटॅशियम आणि मूत्रपिंड रक्त किती गाळतं ते सांगणारा ईजीएफआर बघायला सांगा. आकडे ठीक आले तर कधीमधी अर्धी वाटी बेल चालेल का हे डॉक्टरच सांगतील.

बाकीच्यांनी बेल जरूर प्यावा, फक्त गूळ न घालता. मध्यम फळाची कवटी बत्त्याने फोडा, गर काढून तीन पेले पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवा, हाताने कुस्करा आणि जाड गाळणीतून गाळा. मिक्सरला लावायचा मोह टाळा. बिया आणि त्यांच्याभोवतीचा चिकट डिंक फिरला की सरबत कडू आणि बुळबुळीत होतं. आणि बरेच जण बिघडवतात तेही इथेच. "बेल जुलाबावर चांगला" हे ऐकून जुलाबाच्या माणसाला पिकल्या बेलाचं सरबत देतात. जुलाबावर परंपरेने वापरला जातो तो कच्चा किंवा अर्धकच्चा, वाळवलेला बेल. पिकलेला उलट पोट साफ करणारा मानला जातो. फळ एकच, पण कच्चं आणि पिकलं यांत उलट टोकाचा फरक.

आता सरबताचा जग कसा करायचा ते बघू. पाचही जणांसाठी रोज वेगवेगळं करणं कुणालाच जमणार नाही. म्हणून जगात मीठ, साखर, गूळ काहीच घालायचं नाही, जे घालायचं ते ज्याच्या त्याच्या पेल्यात. मुख्य पेय आगळाऐवजी आमसुलाचं करा. १ लिटरला आठ-दहा आमसुलं घ्या. काही आमसुलांना वाळवताना मीठ लावलेलं असतं, म्हणून एक तुकडा चाखून बघा. खारट लागला तर आमसुलं कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवून ते पाणी फेकून द्या. मग दोन पेले कोमट पाण्यात तासभर भिजवा, हाताने चोळून पिळा, गाळा, उरलेलं गार पाणी घाला आणि अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड टाका. मीठ नसल्याची उणीव जिरं आणि पुदिन्याची चार पानं बरीच भरून काढतात. पहिले चार दिवस सासरे "अळणी आहे" म्हणतील. तोंडाची चव बदलायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तेवढे जाऊ द्या. हे पेय फ्रिजमध्ये दोन दिवस नीट राहतं. आगळाइतकं टिकत नाही, कारण टिकवणारं मीठच त्यात नाही. वर बुडबुडे आले किंवा आंबूस वास आला तर ओतून द्या. आणि ते काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यातच ठेवा. कल्हई गेलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पाणी धातू ओढून घेतं.

शेतात किंवा उन्हात तासन्‌तास घाम गाळून आलेल्या तुमच्या नवऱ्याच्या पेल्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर साखर घातली तर काही बिघडत नाही, त्याच्या घामातून मीठ गेलेलं असतं. सावलीत कूलरपुढे बसलेल्या सासऱ्यांच्या अंगातून तेवढं मीठ जात नाही. मिठाचं पेय उन्हाळ्याला आवश्यकच, हा नियम घाम किती येतो ते बघून लावायचा.

पाणी किती, हाही प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारा. "भरपूर पाणी प्या" हे उन्हाळ्याचं वाक्य त्यांना लागू असेलच असं नाही. हृदय कमजोर असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार पुढे गेला असेल तर डॉक्टर दिवसाचं पाणी मोजून देतात, आणि मग सरबत, ताक, चहा, पातळ वरण सगळं त्याच मापात धरावं लागतं. माप दिलं तर त्या मापाची बाटली सकाळी भरून ठेवा आणि ते दिवसभरात जे काही पातळ घेतील तेवढं पाणी त्यातून काढत जा. माप दिलं नाही तर दर दोन तासांनी एक छोटा पेला हातात आणून द्या, मागण्याची वाट पाहू नका. रोज सकाळी लघवीनंतर, काही खाण्याआधी, त्यांचं वजन एकाच काट्यावर घेऊन कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलोने वाढलं, किंवा आडवं झाल्यावर धाप लागली, तर ते अंगात पाणी साठल्याचं लक्षण आहे. थांबू नका, फोन करा. उलट्या-जुलाब लागले तर त्याच दिवशी विचारायचं की टेल्मिसार्टन आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू ठेवायच्या का. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना यांतल्या काही गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. अशा वेळी ओआरएसऐवजी कोकम सरबत देत बसू नका, दोन्हींतलं मीठ-साखरेचं प्रमाण सारखं नसतं.

वाळ्याची बाजू चौघांत सगळ्यात निर्धोक आहे, आणि सासऱ्यांचं दिवसभराचं पेय म्हणून माठातला वाळा खुशाल चालू ठेवा. काळजी घ्यायची ती स्वच्छतेची. पाच-सहा लिटरच्या माठाला मूठभर, म्हणजे १५-२० ग्रॅम मुळं पुरतात. मुळांत माती अडकलेली असते. तीन-चार पाण्यांनी चोळून धुवा, अर्धा तास भिजवून पहिलं पाणी झाडांना घाला, मग मलमलच्या कापडात सैल पुरचुंडी बांधून माठात सोडा. पाणी उकळून गार केलेलं किंवा गाळणयंत्राचं घ्या, कारण वाळ्याने पाणी सुवासिक होतं, निर्जंतुक होत नाही. दर तिसऱ्या दिवशी पुरचुंडी काढून कडक उन्हात दिवसभर वाळवा आणि तेव्हाच माठ आतून घासा. त्यासाठी दोन पुरचुंड्या ठेवल्या की आलटून-पालटून वापरता येतात. मुळं हाताला बुळबुळीत लागली, किंवा पहिल्या पावसातल्या मातीसारख्या वासाऐवजी ओल्या कपड्यासारखा कुबट वास आला, तर बुरशी धरली असं समजा आणि फेकून द्या. तीन-एक आठवड्यांत वास तसाही मंद होतो.

विकत घेताना एक जुडी काचेच्या पेल्यात बुडवून बघा. पाणी लगेच हिरवं किंवा गडद झालं, किंवा वास अत्तरासारखा टोचला, तर रंग-सुगंध वरून लावलेला आहे. चांगल्या मुळांनी पाणी जेमतेम फिकट पिवळसर होतं. आणि कूलरच्या वाळ्याच्या टट्ट्यांतली मुळं उपसून माठात घालू नका. ती पिण्यासाठी निवडलेली नसतात, आणि हंगामभर ओल्या टट्टीत काय काय वाढलेलं असतं ते न सांगितलेलं बरं.

सब्जाचं मात्र धोरण बदला, मुलासाठी तर नक्की. या बियांभोवती पाणी शोषून फुगणारा थर असतो आणि बी आकाराने अनेक पटींनी वाढतं. ते पेल्यात फुगलं तर छान, घशात फुगलं तर अडकतं. २०१४ मध्ये अमेरिकेत एका रुग्णाची हकीकत वैद्यकीय परिषदेत मांडली गेली होती. ३९ वर्षांच्या त्या माणसाने मोठा चमचाभर कोरडं चिया खाऊन वर पाणी प्यायलं, आणि ते अन्ननलिकेत फुगून अडकलं. त्याला आधीपासून गिळायला त्रास होत होता. चिया आणि सब्जा वेगळे, पण पाणी धरण्याचा स्वभाव एकच.

तुमच्या घरात सब्जा सिरपमध्येच भिजत असावा. तिथे तो पूर्ण फुगत नाही. साखर, मीठ किंवा आंबट असलेल्या पाण्यात बी पाणी कमी धरतं, मध्ये टणक राहतं आणि उरलेलं फुगणं पोटात होतं. काहींना सब्जाने पोट गच्च होतं त्यामागे हे एक कारण असू शकतं. म्हणून एक चहाचा चमचा सब्जा आधी २०० मिली साध्या पाण्यात भिजवा. बी एकदम ओतलं की गुठळ्या होतात आणि गुठळीच्या आत ते कोरडंच राहतं, तेव्हा पाणी ढवळत ढवळत थोडं थोडं सोडा. वीस मिनिटांनी प्रत्येक काळ्या ठिपक्याभोवती पारदर्शक कडं दिसलं पाहिजे आणि दाताखाली कुरकुर लागायला नको. मगच तो कोकमात किंवा वाळ्याच्या पाण्यात मिसळा.

सासऱ्यांना दिवसाला हा एक चमचा पुरे, सुरुवात अर्ध्याने. गोळ्यांच्या वेळेपासून मात्र दोन तास लांब ठेवा, कारण हा चिकट थर औषध शोषलं जाण्याच्या आड येऊ शकतो. तुम्ही सकाळी सब्जा देता आणि बीपी-मधुमेहाच्या गोळ्या बहुतेक तेव्हाच असतात, म्हणून तो संध्याकाळी चारच्या पेल्यात न्या. तिथली बेलाची जागा तशीही रिकामी झाली आहे. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनीही सकाळचा सब्जा टाळावा. जेवताना वारंवार ठसका लागणारे, पक्षाघात किंवा कंपवात झालेले, आणि आतड्याचं ऑपरेशन होऊन मार्ग अरुंद झालेले, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सब्जा घेऊच नये. अडीच वर्षांच्या मुलाला तो अजून देऊ नका, भिजवलेलाही नाही. तो पळत पळत पितो, हसतो, आणि घसरडं बी श्वासनलिकेकडे जायला तेवढं पुरतं. कोरड्या सब्जाची बरणी त्याच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवा. त्याला वाळ्याचं पाणी आणि फिकट, बिनसाखरेचं कोकम चालेल. घरी पाहुणं म्हणून तान्हं बाळ आलं तर सहा महिन्यांपर्यंत त्याला यातलं काहीच द्यायचं नाही, वाळ्याचं पाणी चमचाभरसुद्धा नाही. त्याची तहान आईच्या दुधाने भागते.

तुमच्या स्वतःच्या तक्रारीचं मूळ मात्र आपल्या भाषेत आहे. अंगावर गांधी उठल्या तरी आपण "पित्त उठलं" म्हणतो आणि छातीत जळजळलं तरी "पित्त झालं" म्हणतो. कोकमाची ख्याती मुख्यतः पहिल्या पित्तासाठी आहे, तिथे ते लावतातही आणि पितातही. तुमचं दुसरं आहे, आणि कोकम चांगलंच आम्लधर्मी असतं. जठरातलं आम्ल वर येत असताना, विशेषतः रिकाम्या पोटी, त्यात आणखी आंबट ओतलं की जळजळ वाढणारच. दोन आठवडे कोकम पूर्ण बंद ठेवून फरक पडतो का बघा. पडला तर नंतर जेवणाबरोबर अर्धा पेला, फिकट करून घ्या, आणि रात्री झोपण्याआधीची सोलकढी सोडा. तुमचं मुख्य पेय वाळ्याचं पाणी असू द्या. गिळताना दुखत असेल, काळं शौच होत असेल किंवा वजन उतरत असेल तर घरगुती प्रयोगांत वेळ घालवू नका, तपासून घ्या.

सिरपची बाटली मात्र फेकू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला उन्हाळ्यात भूक मंदावून जेवण कमी गेलं की साखर अचानक उतरू शकते. घाम फुटणं, हात थरथरणं, गोंधळल्यासारखं बोलणं ही त्याची लक्षणं, आणि घरातले ती "ऊन लागलं" म्हणून सोडून देतात. ग्लुकोमीटरवर ७० पेक्षा कमी आलं, किंवा यंत्र हाताशी नसेल आणि लक्षणं स्पष्ट असतील, तर वीस मिली सिरप अर्धा पेला पाण्यात घालून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. त्या पेल्यात सब्जा चुकूनही नको, त्याने साखर रक्तात उतरायला उशीर होतो. माणूस नीट शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, सिरप नाही आणि कांद्याचा रसही नाही. अंग तापलेलं असून शुद्ध हरपत असेल तर तो उष्माघात. सावलीत आणा, अंगावर पाणी टाकून वारा घाला आणि १०८ला फोन करा.

सासूबाईंशी बोलताना एक करून बघा. डॉक्टरांचं वाक्य त्यांच्यासमोर ठेवू नका. आगळाची बाटली, एक वजनकाटा आणि मिठाचा डबा घेऊन बसा. लेबलवरून पेल्यातलं मीठ काढा, तेवढं मीठ बशीत मोजून ठेवा आणि त्यांनाच विचारा की हे आबांच्या ताटात वरून वाढाल का. आमसुलाचा जग कसा बनवायचा हे मग त्याच ठरवतील, आणि जिरं किती घालायचं ते त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं.